तेरा चौकटींचं भिरभिरं

४१ ही मूळ संख्या आहे. १ आणि स्वतः ४१ सोडल्यास तिला कशानेच निःशेष भाग जात नाही. आता प्रश्न असा, की दोन वर्गांची बेरीज करून ४१ मिळवता येतात का? वर्ग म्हणजे १, ४, ९, १६, २५, ३६ अशा, एखादी संख्या तिनेच गुणल्यावर येणाऱ्या संख्या.

शोधायची रीत अगदी साधी आहे. ४१ मधून एकेक वर्ग वजा करत जायचं आणि उरलेली संख्या वर्ग आहे का ते बघायचं. १ वजा केला तर ४० उरतात, तो वर्ग नव्हे. ४ वजा केले तर ३७, तोही नव्हे. ९ वजा केले तर ३२, नाही. १६ वजा केले तर उरतात २५, आणि २५ म्हणजे पाचाचा वर्ग. सापडलं: ४१ = १६ + २५.

शेजारच्याच ४३ वर हाच प्रयोग करू. १ वजा केला की ४२, ४ वजा केले की ३९, ९ वजा केले की ३४, १६ वजा केले की २७. चारांतला एकही वर्ग नाही. पुढचा वर्ग २५, पण तिथवर जायची गरज नाही. दोन वर्गांची बेरीज ४३ असेल, तर त्यातला लहान वर्ग ४३ च्या निम्म्याच्या आतच हवा, आणि २५ तर निम्म्याच्या पुढे गेला. चार वजाबाक्यांत निकाल लागला: ४३ ला हे जमत नाही.

शंभरच्या आत पंचवीस मूळ संख्या आहेत. चहा गार व्हायच्या आत सगळ्या तपासून होतात. २ ही एकटीच सम, आणि तिचं उत्तर समोरच आहे: १ + १. तिला बाजूला ठेवू. उरलेल्या चोवीस विषम संख्यांपैकी ज्यांना जमतं त्या अशा:

५ = १ + ४
१३ = ४ + ९
१७ = १ + १६
२९ = ४ + २५
३७ = १ + ३६
४१ = १६ + २५
५३ = ४ + ४९
६१ = २५ + ३६
७३ = ९ + ६४
८९ = २५ + ६४
९७ = १६ + ८१

आणि ज्यांना जमत नाही त्या अशा: ३, ७, ११, १९, २३, ३१, ४३, ४७, ५९, ६७, ७१, ७९, ८३.

अकरा इकडे, तेरा तिकडे. आता या दोन गटांत फरक काय ते ओळखायचं.

पहिली नजर जाते शेवटच्या अंकावर, आणि तिथे निराशा होते. १३ ला जमतं, २३ ला नाही. १७ ला जमतं, ४७ ला नाही. २९ ला जमतं, १९ ला नाही. ४१ ला जमतं, ३१ ला नाही. एककस्थानाचा अंक काहीच सांगत नाही. मग वाटतं, संख्या मोठी झाली की तिच्या आत जास्त वर्ग मावतात, तेव्हा मोठ्यांना जमायला हवं. पण ८३ ला जमत नाही आणि ५ ला जमतं.

अशा वेळी संख्यांकडे बघणं सोडून त्यांच्यामधल्या अंतरांकडे बघावं. जमलेल्या संख्या ओळीने घ्या: ५ ते १३ अंतर ८, १३ ते १७ अंतर ४, १७ ते २९ अंतर १२, मग पुन्हा ८, ४, १२, ८, १२, १६, ८. प्रत्येक अंतर चारच्या पाढ्यातलं! न जमलेल्यांचं बघा: ३ ते ७ चार, ७ ते ११ चार, ११ ते १९ आठ, पुढे ४, ८, १२, ४, १२, ८, ४, ८, ४. इथेही चारचाच पाढा. म्हणजे दोन्ही गट चाराचाराच्या उड्या मारत चालले आहेत. एक ५ पासून निघाला, दुसरा ३ पासून, आणि त्यांची कधी गाठ पडत नाही. हेच सरळ शब्दांत सांगायचं तर, संख्येला ४ ने भागा. बाकी १ उरली तर ती दोन वर्गांची बेरीज आहे, बाकी ३ उरली तर नाही.

शंभरपर्यंत हे खरं आहे, कारण आपण ते तपासलं. पुढचं काय? मूळ संख्या अनंत आहेत, आणि तपासत बसायला कुणाकडेच तेवढा वेळ नाही. इथून पुढे वजाबाक्या पुरत नाहीत, कारण शोधावं लागतं.

यातला अर्धा भाग सोपा आहे. सम संख्येचा वर्ग चारच्या पाढ्यात असतो, कारण २ गुणिले २ त्याच्या पोटातच असतात: ४, १६, ३६, ६४. विषम संख्येच्या वर्गाला ४ ने भागलं की बाकी नेहमी १ उरते: १, ९, २५, ४९. कारण विषम संख्या म्हणजे सम अधिक एक. ७ चौकटींचा चौरस काढा, त्यातला ६ × ६ चा चौरस वेगळा करा. त्याच्या कडेने सहा-सहाच्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यात एक चौकट उरते. चौरस आणि दोन पट्ट्या चारच्या पाढ्यात बसतात, कोपऱ्यातली एक चौकट बाहेर राहते. म्हणजे कोणत्याही वर्गाची बाकी ० किंवा १. दोन वर्ग मिळवले तर बाकी ०, १ किंवा २ येईल. ३ येणारच नाही. त्यामुळे ४३ असो की चाळीस आकडी संख्या, बाकी ३ आली की शोध तिथेच थांबवावा. हा नियम मूळ नसलेल्या संख्यांनाही लागू आहे.

दुसरा अर्धा मात्र अवघड आहे. बाकी १ उरली म्हणून दोन वर्ग सापडतीलच, असं आत्ताच्या युक्तिवादातून निघत नाही. बाकीने फक्त दार बंद केलं नाही, एवढंच. २१ घ्या. ४ ने भागून बाकी १. पण २१ मधून १ वजा करा, २० उरतात. ४ वजा करा, १७. ९ वजा करा, १२. एकही वर्ग नाही. ३३ चंही तसंच, ५७ चंही तसंच. या संख्या मूळ नाहीत. २१ म्हणजे ३ × ७. तेव्हा बाकी १ असण्याबरोबर संख्या मूळ असणंही कुठेतरी कामाला येत असलं पाहिजे. सिद्धता खरी असेल तर तिने ती जागा दाखवायला हवी.

कोणत्या संख्या दोन वर्गांत फोडता येतात, याचं वर्णन फ्रेंच गणितज्ञ आल्बेर जिरार याने १६२५ मध्येच नोंदवलं होतं. पण हा नियम प्रसिद्ध झाला तो पिएर द फर्माच्या नावाने. फर्मा पेशाने तुलूझच्या न्यायालयातला अधिकारी. गणित हा त्याचा छंद, आणि शोध लागले की ते पत्रांतून मित्रांना कळवायची त्याची सवय. मारँ मेर्सेन या पॅरिसच्या धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात त्याने हा नियम मांडला. पत्रावर तारीख आहे २५ डिसेंबर १६४०, म्हणून काही लोक त्याला फर्माचा नाताळचा सिद्धांत म्हणतात. आपल्याकडे सिद्धता आहे असं फर्मा म्हणायचा, पण ती पूर्ण लिहून त्याने मागे ठेवली नाही. सिद्धता हाती आली ती शंभरहून अधिक वर्षांनी. बर्लिनमध्ये असलेल्या लेओनहार्ड ऑयलरने १७४७ पासून मित्र गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रांत ती टप्प्याटप्प्याने रचली आणि १७४९ मध्ये शेवटची फट बुजवली.

ऑयलरची वाट लांबची आहे. पण १९८४ मध्ये रॉजर हीथ-ब्राउन याने वेगळीच एक वाट दाखवली आणि १९९० मध्ये डॉन झागिए याने ती आवळून एका वाक्यात बसवली. ते वाक्य वाचून सामान्य वाचकाला काहीच कळत नाही. पण त्यामागचं चित्र शाळेतल्या चौकटीच्या वहीवर काढता येतं. काढूच.

संख्या घेऊ १३. वहीवर ३ × ३ चा चौरस काढा. नऊ चौकटी झाल्या. आता वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीच्या डोक्यावर एक चौकट जोडा. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीच्या उजव्या अंगाला एक. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीच्या खाली एक. खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीच्या डाव्या अंगाला एक. तेरा चौकटी झाल्या, आणि आकृती जत्रेत मिळणाऱ्या कागदी भिरभिऱ्यासारखी दिसू लागली: मध्ये चौरस, चार बाजूंना चार सारखी पाती, सगळी एकाच दिशेने वळलेली.

आता याच आकृतीकडे दुसऱ्या नजरेने बघा. बाहेरची रेषा तशीच ठेवा, आतल्या रेषा पुसून टाका. अगदी मधली एकच चौकट हा नवा चौरस समजा. तिच्या डोक्यावरची चौकट, तिच्या उजवीकडची चौकट आणि त्यापुढे बाहेर आलेली चौकट मिळून तीन चौकटींची आडवी पट्टी होते. तशाच चार पट्ट्या चारी अंगांना पडतात. मधली १ आणि तीन-तीनच्या चार पट्ट्या, पुन्हा तेराच. बाह्यरेषा एक, पण तिच्या आत भिरभिरी दोन. एकात चौरस मोठा आणि पाती छोटी, दुसऱ्यात चौरस छोटा आणि पाती लांब.

१३ चौकटींचं आणखी एक भिरभिरं होतं: मध्ये एक चौकट आणि चारी बाजूंना तीन-तीन चौकटींचे सरळ हात, म्हणजे अधिकचं चिन्ह. इथे पात्याची रुंदी चौरसाच्या बाजूइतकीच असल्याने बाह्यरेषेच्या आत दुसरं भिरभिरं दडायला जागाच नाही. ते एकटं.

तेव्हा १३ ची भिरभिरी एकूण तीन: एक जोडी आणि एक एकटं. तीन ही विषम संख्या आहे, आणि सगळी गंमत या विषमपणात आहे.

आता जोड्या लावायची दुसरी रीत वापरू. प्रत्येक भिरभिऱ्याची पाती फिरवायची: पातं चौरसाला जेवढं टेकलं होतं तेवढं बाहेर काढायचं, आणि जेवढं बाहेर होतं तेवढं टेकवायचं. अधिकच्या चिन्हाचे उभे हात असे आडवे केले की तीन चौकटींच्या आडव्या पट्ट्यांचं भिरभिरं होतं, आणि उलटही. ही झाली जोडी. उरलं ते ३ × ३ चौरसाचं. त्याची पाती एकेका चौकटीची, कशीही फिरवा, तशीच राहतात. म्हणजे त्याची पाती स्वतःच चौरस आहेत. ही चार पाती सुटी करून एकत्र ठेवा: २ × २ चा चौरस झाला. १३ = ९ + ४. उत्तर आपल्या हातात आलं, आणि तेही एकही वजाबाकी न करता.

ही युक्ती १३ पुरती नाही. १७ चौकटींची भिरभिरी काढून बघा, पाच निघतात. मध्ये १ चौकट आणि चार-चारची पाती. पाती उभी, आडवी किंवा २ × २ अशी तीन भिरभिरी. मध्ये ३ × ३ चा चौरस आणि दोन-दोनची पाती. पाती उभी किंवा आडवी अशी दोन. पाती फिरवून जोड्या लावल्या, तर २ × २ पात्यांचं भिरभिरं एकटं उरतं. चार पाती एकत्र केली की ४ × ४ चा चौरस. १७ = १ + १६.

बाकी १ उरणारी कोणतीही मूळ संख्या घेतली तरी हिशेब असाच चालतो. तिची काही भिरभिरी होतात. बाह्यरेषेवरून जोड्या लावल्या तर प्रत्येक भिरभिऱ्याला त्याच आकृतीत दडलेला नेमका एक जोडीदार मिळतो. फक्त पातं चौरसाच्या बाजूइतकं रुंद असेल, तर ते एकटं राहतं. अशी एकटी किती? पातं आणि चौरस एकाच रुंदीचे असतील, तर ती रुंदी संपूर्ण संख्येला भाग घालते: चौरसातही ती आहे, प्रत्येक पात्यातही आहे. पण संख्या मूळ आहे! मग रुंदी १ असण्यावाचून पर्याय नाही. म्हणजे एकटं फक्त एकच, ते अधिकचं चिन्ह. सगळ्या जोड्या आणि वर एक, म्हणून एकूण भिरभिरी विषम. आणि एकूण विषम असतील, तर पाती फिरवून लावलेल्या जोड्यांतही एक तरी भिरभिरं एकटं उरलंच पाहिजे. त्याची पाती चौरस असतात, चार सारखे चौरस मिळून एक मोठा चौरस होतो, आणि संख्या दोन वर्गांची बेरीज ठरते.

मूळ असणं नेमकं कुठे वापरलं, तेही दिसलं. २१ ला हीच युक्ती लावा आणि ती कुठे अडते ते बघा. २१ ची भिरभिरी चार: मध्ये १ आणि पाचची पाती, उभी किंवा आडवी, मध्ये ३ × ३ आणि तीनची पाती, उभी किंवा आडवी. यात अधिकच्या चिन्हासारखी एकटी दोन निघतात. एक रुंदी १ चं, आणि दुसरं रुंदी ३ चं, कारण ३ ने २१ ला भाग जातो. दोन एकटी झाली, एकूण सम झाली, आणि शेवटी कुणी उरलंच पाहिजे हा दावा सुटला. बाकी ३ उरणाऱ्या संख्येला तर एकही भिरभिरं नसतं. चार सारखी पाती आणि एक विषम चौरस यांची बेरीज ४ ने भागली तर बाकी १ च येणार.

या सिद्धतेची एक मर्यादाही सांगायला हवी. भिरभिरं उरतं हे ती ठामपणे सांगते, पण ते कसं शोधायचं हे सोयीने सांगत नाही. मोठ्या संख्येची सगळी भिरभिरी काढत बसण्यापेक्षा आपली वजाबाकीची रीत कितीतरी लवकर संपते. सिद्धता आपल्याला एवढंच देते, की वजाबाक्या करणारा रिकाम्या हाताने परतणार नाही.

पण मग आकडे तपासून ओळखलेल्या नियमाला सिद्धता मिळवायला एवढा आटापिटा हवाच का? आपण सुरुवातीला केलेली यादी पुन्हा बघा. तिच्यात आणखी एक नियम दिसतो. बाकी १ वाल्या अकरा, बाकी ३ वाल्या तेरा. कुठेही थांबून मोजा. ११ पर्यंत बाकी ३ च्या तीन, बाकी १ ची एकच. १७ पर्यंत तीन-तीन, बरोबरी. ३१ पर्यंत सहा आणि चार. ४१ पर्यंत पुन्हा बरोबरी. बाकी ३ वाल्या पुढे असतात किंवा फार तर बरोबरीत, मागे कधीच नसतात. रशियन गणितज्ञ चेबिशेव यालाही १८५३ मध्ये हा कल जाणवला होता. हजारापर्यंत मोजा, दहा हजारांपर्यंत मोजा, वीस हजारांपर्यंत मोजा, नियम टिकतो. शंभरपर्यंत बघून विश्वास ठेवणाऱ्याने वीस हजारांपर्यंत बघून तर पैजच लावली असती.

आणि तो पैज हरला असता. २६८६१ या मूळ संख्येपाशी बाकी १ वाला गट पहिल्यांदा एकाने पुढे जातो. लगेच पुढची विषम संख्या २६८६३, तीही मूळ आणि बाकी ३ ची, त्यामुळे पुन्हा बरोबरी होते. पण नियम मोडायचा तो मोडलाच. पुढे १९१४ मध्ये लिटलवुड याने सिद्ध केलं, की आघाडी अशी अनंत वेळा हातची जाते आणि परत येते.

एकाच यादीत दोन नियम दिसत होते, आणि दोन्ही तितकेच पक्के वाटत होते. एक सत्तावीस हजारांच्या अलीकडे मोडला. दुसरा कुठेच मोडणार नाही, कारण त्याच्या मागे भिरभिरं आहे. ज्या २६८६१ ने पहिल्याचा घात केला, तिच्यावरही दुसरा लागू पडतो. ४ ने भागलं की बाकी १, संख्या मूळ, म्हणजे दोन वर्ग असलेच पाहिजेत. १६३ च्या वर्गापासून एकेक पायरी खाली उतरत वजाबाक्या केल्या, तर अडतिसाव्या वर्ग लागत नाही, पण एकोणचाळिसाव्या वजाबाकीला लागतो: १२५ चा वर्ग १५६२५, उरतात ११२३६, आणि तो १०६ चा वर्ग आहे.